सायबर कॅफेत मेल उघडायची वेळ आली तर

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, नौपाड्यातल्या एका गल्लीत मी 9 वर्षं सायबर कॅफेच्या काउंटरवर बसलो. सहा काँप्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन. रात्री शटर ओढण्याआधी प्रत्येक मशीनवरचं Downloads फोल्डर रिकामं करायचं, असा माझा नेम होता. त्या फोल्डरमध्ये दिवसभराची गिऱ्हाइकं जशीच्या तशी बसलेली असायची. कुणाचं आधार, कुणाची मार्कशीट, कुणाची पगाराची स्लिप, एकदा तर एका बाईंचा घटस्फोटाचा अर्ज. आठवड्यातून एकदा तरी एखाद्याचं जीमेल उघडंच राहिलेलं असायचं आणि माणूस लोकल पकडून केव्हाच डोंबिवलीला पोचलेला. मी ते सगळं पुसायचो. पण प्रत्येक दुकानात रात्री पुसणारा कुणी असेलच, हे धरून चालू नका.

गेल्या महिन्यात माझी पुतणी कराडहून ऐरोलीला नोकरीवर रुजू व्हायला आली. तिच्याकडे फोन होता, लॅपटॉप नव्हता. कंपनीने दोन कामं सांगितली होती. ऑफर लेटर छापून, सही करून सोबत आणायचं, आणि कंपनीच्या पोर्टलवर एक लांबलचक फॉर्म भरायचा. पोर्टलवर शिरायला तिचाच जीमेल लागत होता, आणि फॉर्मचं शेवटचं बटण फोनवर काही केल्या दाबलं जात नव्हतं. "काका, कॅफेत जाऊन येते अर्ध्या तासात," म्हणाली. मी म्हटलं, थांब, आधी घरी बसून थोडी तयारी कर. ती तयारी आणि पुढचा अर्धा तास इथे क्रमाने लिहितो आहे. पहिल्यांदाच दुसऱ्याच्या काँप्युटरवर बसणाऱ्यांसाठी हे आहे.

घरातून निघण्याआधी

पहिला प्रश्न असा की साइन इन करायची खरंच गरज आहे का? नुसती प्रिंट हवी असेल तर आपला मुख्य मेल तिथे उघडण्याचं काहीच कारण नाही. तुमचा मुख्य मेल म्हणजे नुसती पत्रं नसतात. बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळ्यांचे विसरलेले पासवर्ड त्याच मेलवर नव्याने मिळतात. तो दुसऱ्याच्या हातात गेला की बाकी सगळं त्याच्या मागोमाग जातं.

म्हणून मी सगळ्यांना एकच युक्ती सांगतो: प्रिंटसाठी वेगळं जीमेल खातं काढा. फोनवर पाच-दहा मिनिटांत निघतं. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि ते खातं फोनमध्ये जोडून ठेवा, म्हणजे नव्या काँप्युटरवर उघडताना गूगलने खातरजमा मागितली तर ती फोनवर येईल. या खात्यावर कुठलीही बँक नाही, कुठलंही दुकान नाही, मित्रांची पत्रं नाहीत. छापायची फाइल मुख्य मेलवरून या खात्यावर पाठवायची आणि काम झालं की उडवायची. उद्या हे खातं कुणी उघडलं तरी त्याला रिकामी पेटी मिळेल. पाठवताना आलेला मेल तसाच्या तसा पुढे ढकलू नका, त्यात खालचा सगळा पत्रव्यवहार जातो. फाइल फोनवर उतरवून फक्त तेवढीच जोडा.

दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवणं सगळ्यात सोपं, आणि निम्मं ठाणं तेच करतं. पण मग ती फाइल दुकानाच्या फोनवर आणि काउंटरच्या काँप्युटरवर राहते. तुम्ही नंतर 'सगळ्यांसाठी डिलीट' केलंत तरी तोवर वेगळी सेव्ह केलेली प्रत जात नाही. भेळेच्या दुकानाचं मेन्यूकार्ड असेल तर खुशाल पाठवा. आधार, पॅन, बँकेचं पासबुक पाठवू नका.

फाइल वर्डमध्ये असेल तर फोनवरच तिची पीडीएफ करून घ्या. वर्डची फाइल वर्डमध्ये उघडायची तर ती आधी काँप्युटरवर उतरवावी लागते, मग वर्ड तिचं नाव आपल्या यादीत लिहून ठेवतो, मध्येच बंद पडला तर सुटका म्हणून एक प्रतही राखून ठेवतो. पीडीएफ मात्र ब्राउझरमध्ये उघडून तिथूनच छापता येते.

आधारची प्रत द्यायची असेल तर मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष, आणि हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. तुमचं नाव फाइलच्या आजूबाजूला कुठेतरी असतंच, उरलं फक्त वर्ष.

मुख्य मेल उघडणं टळणारच नसेल, जसं पुतणीचं टळत नव्हतं, तर त्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू आहे ना, हे घरीच बघा. मग पासवर्ड टाकल्यावरही तुमच्या फोनवर विचारणा येते आणि तिथे होय म्हटल्याशिवाय दार उघडत नाही. कॅफेत फोनला रेंज मिळेल की नाही याची शंका असेल, तळघरातल्या दुकानात हे होतं, तर गूगलचे बॅकअप कोड काढून ठेवा. एका वेळी 10 मिळतात, प्रत्येक 8 आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. दोन कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवले तरी पुरतात. त्या कागदावर ईमेल किंवा पासवर्ड लिहू नका.

आणि बँक. नेट बँकिंग तिथे उघडायचं नाही. स्टेटमेंटची प्रिंट हवी असेल तर स्टेटमेंट फोनवर उतरवा आणि वरच्याच मार्गाने छापा.

खुर्चीवर बसल्यावर

बसल्या बसल्या टाइप करायला लागू नका. आधी वाकून कीबोर्डची वायर कुठे जाते ते बघा. ती थेट सीपीयूच्या मागे घुसली पाहिजे. वायरचं टोक आणि सीपीयू यांच्यामध्ये अंगठ्याच्या पेराएवढा एखादा तुकडा अडकवलेला दिसला तर त्या मशीनवर बसू नका. कधी तो साधा जोडही असतो, पण प्रत्येक दाबलेली कळ टिपून ठेवणारं यंत्रही तसंच दिसतं, आणि बाहेरून फरक कळत नाही. मग वर बघा. कॅमेरा तुमच्या कीबोर्डवर रोखलेला असेल तर खुर्ची बदलून मागा किंवा पासवर्ड टाकताना दुसरा हात वर धरा.

कळा टिपणारं सॉफ्टवेअर मात्र डोळ्यांनी दिसत नाही. स्क्रीनवरच्या कीबोर्डवर माउसने टिचक्या मारल्या की सुटलो असं काहींना वाटतं, पण असली सॉफ्टवेअर स्क्रीनचे फोटोही घेऊ शकतात. त्यामुळे मी एकच हिशेब धरतो: या मशीनवर टाइप केलेला पासवर्ड आज संध्याकाळपर्यंतच आपला. नंतर तो बदलायचा. तोवर टू-स्टेप राखण करतं.

गूगलच्या साइन इनच्या पानावर Try another way असं दिसतं. तिथे काही खात्यांना पासवर्ड न टाकता फोनवरून परवानगी देण्याचा पर्याय मिळतो. मिळाला तर तोच घ्या, टाइप न केलेला पासवर्ड कुणी टिपू शकत नाही. क्यूआर कोड फोनने स्कॅन करून पासकीने, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने, शिरण्याचाही मार्ग आहे, पण त्याला फोन आणि काँप्युटर दोन्हीकडे ब्लूटूथ चालू लागतं. कॅफेतल्या जुन्या मशीनना ते बहुतेक नसतंच, म्हणून तिथे तो अडला तर तुमचं काही चुकलं असं समजू नका.

Guest विंडो, आणि ती का

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. क्रोम उघडा आणि उजवीकडे वर असलेल्या गोलावर क्लिक करा. आधीचं कुणी आत राहिलं असेल तर तिथे त्याचं नाव किंवा फोटो दिसेल. त्या यादीत खाली Guest लिहिलेलं असतं, ते दाबा. नवी विंडो उघडते आणि तुम्ही पाहुणे म्हणून आलात असं ती सांगते. तुमचं सगळं काम याच विंडोत करायचं. एजमध्ये त्याच गोलाखाली Browse as guest मिळतं. फायरफॉक्समध्ये पाहुण्याची सोय अशी नाही, तिथे Ctrl + Shift + P ने प्रायव्हेट विंडो उघडा.

साध्या विंडोत जीमेल उघडलं तर काय बिघडतं? 2018 पासून क्रोममध्ये एक गोष्ट बदलली. जीमेलमध्ये साइन इन केलं की खुद्द क्रोमही तुमच्या नावाने साइन इन होऊ शकतो. मग तो गोड शब्दांत विचारतो की तुमच्या सगळ्या गोष्टी इथे आणू का. घाईत माणूस निळं बटण दाबतो. दाबलं की तुमच्या फोनवर साठवलेले पासवर्ड, पत्ते, बुकमार्क त्या कॅफेच्या मशीनवर उतरू लागतात. माझ्याकडे एक मास्तर यायचे. त्यांनी असं बटण दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर बसलेल्या मुलाने मला बोलावून दाखवलं: रेल्वेची साइट उघडली की मास्तरांचं युजरनेम आणि पासवर्डचे काळे ठिपके आपोआप भरून येत होते. मास्तरांनी जीमेल नीट बंद केलं होतं, असं ते शपथेवर सांगत होते. मला त्यांचं म्हणणं खरंच वाटलं, कारण एकदा उतरलेली गोष्ट पुसायला वेगळं सांगावं लागतं.

काही दुकानांत Guest बंद करून ठेवलेलं असतं. मग Ctrl + Shift + N ने इनकॉग्निटो विंडो उघडा. पण दोन्ही एक नव्हेत. इनकॉग्निटो ही आधीच उघड्या असलेल्या खात्याच्याच घरातली एक खोली आहे. त्या घरातले बुकमार्क तिथेही दिसतात, आणि मालकाने परवानगी दिलेली एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, तिथेही काम करत राहतात. Guest मध्ये यातलं काही नसतं.

आणखी एक खाच आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. एकाच वेळी उघड्या असलेल्या सगळ्या इनकॉग्निटो विंडोंची साइन इन एकमेकांत मिसळलेली असते. आधीच्या गिऱ्हाइकाची एक विंडो खाली दडलेली राहिली, आणि तुम्ही नवी उघडून काम करून बंद केलीत, तर तुमचं साइन इन त्या दडलेल्या विंडोत जिवंत राहतं. म्हणून सुरू करण्याआधी खालच्या पट्टीवरच्या ब्राउझरच्या सगळ्या विंडो बंद करा आणि उठतानाही एकही उरली नाही ना, ते बघा.

पत्ता स्वतः टाइप करा. `gmail.com` एवढंच. बुकमार्कवर क्लिक नको, गूगलमध्ये शोधून वरची जाहिरातही नको. पासवर्ड मागणाऱ्या पानाचा पत्ता `accounts.google.com` असाच असला पाहिजे. पासवर्डनंतर फोनची विचारणा येते, तेव्हा काँप्युटरच्या स्क्रीनवर Don't ask again on this device असा एक चौकोन असतो आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असू शकते. ती काढा. ठेवलीत तर टू-स्टेपची राखण त्या मशीनपुरती उठते.

फाइल, प्रिंटर आणि वाया गेलेला कागद

साइन इनचं लोक जपतात, फाइल विसरतात. Guest किंवा इनकॉग्निटो विंडो बंद केली की कुकी आणि हिस्टरी जाते, पण डाउनलोड केलेली फाइल जात नाही. ती डिस्कवर तशीच राहते. माझ्या Downloads फोल्डरमधली अर्धी माणसं अशीच आलेली होती.

म्हणून डाउनलोड करूच नका. जीमेलमध्ये जोडलेल्या फाइलवर क्लिक केलं की ती तिथेच उघडते. वरच्या प्रिंटरच्या चिन्हावरून थेट छापा. कधी ती नव्या टॅबमध्ये उघडते, मग तिथे Ctrl + P. पुतणीचं ऑफर लेटर 4 पानांचं होतं, याच मार्गाने तिने ते प्रिंटच्या वेगळ्या खात्यातून काढलं आणि डिस्कवर काही उतरलं नाही.

उतरवावीच लागली तर Ctrl + J दाबा. आत्ता काय उतरलं त्याची यादी येते, आणि फाइल कुठल्या फोल्डरमध्ये गेली तेही तिथून उघडता येतं. फाइल निवडून Shift + Delete करा. नुसतं Delete केलं तर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. शेवटी विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबून हे टाइप करा:

```
shell:recent
```

अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या नावांची यादी येते. त्यात तुमचं नाव असलेली ओळ दिसली तर तीही काढा. हे सगळं करूनही, Shift + Delete ने गेलेली फाइल त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत खास सॉफ्टवेअरने परत काढता येऊ शकते. काही कॅफेंमध्ये मशीन बंद करून चालू केलं की सकाळच्या स्थितीला परत नेणारं सॉफ्टवेअर असतं. दुकानदार तसं म्हणाला तर उठताना मशीन रीस्टार्ट करून घ्या, पण त्या भरवशावर डाउनलोड करत सुटू नका.

पोर्टलच्या फॉर्ममध्ये खाते क्रमांकासारखं काही कॉपी-पेस्ट केलं असेल तर विंडोजचं बटण आणि V दाबून बघा. कॉपी केलेल्या गोष्टींची साठवण चालू असेल तर मागचे सगळे तुकडे तिथे ओळीने दिसतात. Clear all दाबा.

आता प्रिंटर. एक प्रसंग मला अजून आठवतो. दुपारी एका मुलाने आधार छापायला दिलं, ट्रेमधला कागद संपला. मी गिऱ्हाइकात अडकलेलो. त्याला वाटलं प्रिंटर बिघडला, तो पैसे न देता निघून गेला. तासाभराने मी कागद भरला आणि पहिल्यांदा बाहेर आलं ते त्याचं आधार, दुसऱ्याच एका बाईंच्या हातात. प्रिंट दिलेलं काम रांगेत उभं राहतं, माणूस गेला तरी ते जात नाही. कागद आला नाही तर जागेवरून उठण्याआधी दुकानदाराकडून रांग रिकामी करून घ्या. पट्टीवरच्या प्रिंटरच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की रांग दिसते, तिथून काम रद्द करता येतं.

वाया गेलेलं पान सोबत न्या. तिरकं आलेलं, फिकं आलेलं, अर्धवट आलेलं, सगळं. दुकानात असले कागद पाठकोरे म्हणून वापरतात, पुढे रद्दीत जातात. सही केलेलं लेटर पुतणीने दुकानात स्कॅन करायला दिलं नाही, फोनने स्कॅन केलं. दुकानाच्या स्कॅनरवर केलेलं स्कॅन दुकानाच्याच फोल्डरमध्ये पडतं, आणि काउंटरच्या काँप्युटरवर जाऊन ते पुसायला तुम्हाला कुणी देत नाही. करावंच लागलं तर दुकानदाराला तुमच्यासमोर पुसायला सांगा. यात संकोच धरू नका, मला तसं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचा कधीच राग आला नाही.

उठण्याआधी

विंडो बंद करणं आणि साइन आउट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साइन इन केलं की गूगल तुमच्या ब्राउझरला एक प्रकारचा पास देतं. Guest किंवा इनकॉग्निटो विंडो बंद केली की काँप्युटरवरचा पास फाटतो. पण त्या मशीनवर चोरी करणारं काही बसलेलं असेल आणि त्याने पासची नक्कल आधीच उचलली असेल, तर ती नक्कल चालत राहते. तिथे टू-स्टेपही कामाला येत नाही, कारण दार आधीच उघडून झालेलं असतं. साइन आउट केलं की गूगलकडचीच नोंद रद्द होते. म्हणून आधी साइन आउट, मग विंडो बंद.

कंपनीच्या पोर्टलवर पुतणी Sign in with Google दाबून शिरली होती. अशा ठिकाणी गूगलमधून बाहेर पडलं तरी पोर्टल उघडंच राहतं, कारण त्याने स्वतःचा वेगळा पास दिलेला असतो. पोर्टलमधून आधी बाहेर पडा, मग जीमेलमधून. व्हॉट्सअ‍ॅप वेब तर आणखी चिवट आहे. जोडलेला काँप्युटर तुमचा फोन बंद असला तरी चालू राहतो. फोनवरच्या Linked devices मध्ये जाऊन तिथून त्याला काढायचं.

मग सगळ्या विंडो बंद करून पुन्हा एक Guest विंडो उघडा आणि `gmail.com` टाइप करा. कोरं साइन इनचं पान आलं तर झालं. नाइलाजाने साध्या विंडोत काम केलं असेल तर साइन आउटनंतरही तुमचा ईमेल पत्ता त्या पानावर यादीत दिसत राहतो. खाली Remove an account असतं, त्याने तो काढा. त्यानंतर Ctrl + Shift + Delete दाबून पूर्ण काळाची हिस्टरी आणि कुकी पुसा. यात दुसऱ्याचंही जातं, म्हणून दुकानदाराला आधी सांगा.

काम चालू असताना लाइट गेली तर? पावसाळ्यात हे होणारच. इन्व्हर्टर काउंटरला असतो, मशीनना असेलच असं नाही. Guest आणि इनकॉग्निटो विंडो लाइट आल्यावर परत उघडत नाहीत. साधी विंडो मात्र Restore विचारते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाने ते दाबलं की तुमचा मेल त्याच्यासमोर उघडतो. कुठल्याही विंडोत असलात तरी पुढची पायरी लगेच करा.

बाहेर आल्यावर, आपल्या फोनवर

मोबाइल डेटा चालू ठेवून, कॅफेच्या वायफायवर नाही, फोनच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता उघडा:

```
myaccount.google.com/device-activity
```

ज्या ज्या यंत्रांवर तुमचं खातं उघडलं गेलं त्यांची यादी येते. Windows असं लिहिलेली नोंद कॅफेची. ती चालू दिसत असेल तर तिथूनच Sign out करा. लाइट गेल्यामुळे किंवा घाईत राहून गेलेलं साइन इन इथून बंद होतं, परत कॅफेत धावत जायची गरज नाही. नोंद पुढे काही दिवस यादीत दिसत राहील, पण साइन आउट झाल्याचं तिच्यावर लिहिलेलं असेल. तुम्ही कधी न वापरलेलं एखादं यंत्र यादीत दिसलं तर पासवर्ड तिथल्या तिथे बदला.

पासवर्ड टाइप केला असेल तर तसाही त्याच दिवशी बदला. आणि कुणी आपल्या नावाने पैशाचा व्यवहार केल्याचा संशय आला तर 1930 या क्रमांकावर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. पैशाच्या बाबतीत पहिले काही तास फार मोलाचे असतात.

जे पुसता येत नाही

कॅफेच्या वहीत तुमचं नाव राहणार. 2011 च्या सायबर कॅफेच्या नियमांनुसार दुकानदाराने ओळखपत्र बघायचं असतं. नाव, पत्ता, फोन, कुठलं मशीन, बसल्याची आणि उठल्याची वेळ वहीत लिहून ती नोंद किमान 1 वर्ष जपायची असते. कुठल्या साइट पाहिल्या गेल्या त्याचीही नोंद ठेवायची असते, आणि ती दुकानाच्या यंत्रणेवर होत असल्याने Guest विंडोने ती टळत नाही. दुकानदाराने ओळखपत्र मागितलं म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. जो मागतच नाही त्याच्या दुकानात मीच बसणार नाही. ओळखपत्राची झेरॉक्स ठेवायचीही त्याला मुभा आहे. त्या झेरॉक्सवर तारीख आणि 'फक्त कॅफे वापरासाठी' असं लिहून आडवी सही करा, म्हणजे ती दुसरीकडे वापरणं अवघड होतं. आधारऐवजी लायसन्स दाखवता आलं तर उत्तम.

वाशी, तुर्भ्याच्या हॉटेलात लॉबीतला काँप्युटर वापरायची वेळ आली तर हेच सगळं लागू. तिथे फरक एवढाच की विचारायला कॅफेवाला नसतो, आणि मशीनवर साधी विंडो दिवसचे दिवस उघडी असते. रिसेप्शनला मेल करून प्रिंट मागवली तर ती फाइल हॉटेलच्या मेलमध्ये राहते, म्हणून मोजक्या कागदांसाठीच तो मार्ग ठेवा. बोर्डिंग पासची प्रिंट तर शक्यतो काढूच नका, फोनमध्ये दाखवता येतो.

पुतणीला ठाण्याच्या कॅफेत एकूण 35 मिनिटं लागली. 4 पानं, एक फॉर्म. वाया गेलेलं एक पान तिच्या पिशवीत होतं. ठाण्याहून वाशीच्या गाडीत जागा मिळाल्यावर तिने फोन काढला, यादी उघडली, आणि दिघा गाव यायच्या आत मला दाखवली. Windows च्या नोंदीखाली साइन आउट झाल्याचं लिहिलेलं होतं. मग ती ऐरोली येईपर्यंत नव्या पासवर्डचा विचार करत बसली.